पहिल्या वर्षाची वहिवाट

ज्या घरात गणपती पिढ्यान्‌पिढ्या बसत आला आहे, त्या घरातील माणसांना गणपती कसा आणावा असे कोणी विचारले, तर क्षणभर त्यांना उत्तरच सुचत नाही. कारण पाट कोठे मांडायचा, फुलवाती कोणी वळायच्या, आरत्यांत शंकरानंतर देवी की देवीनंतर शंकर, हे त्यांच्याकडे कोणी ठरविलेले नसून चालत आलेले असते, आणि चालत आलेल्या गोष्टीला कारण विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. नव्याने गणपती बसविणाऱ्या घराची अवस्था याच्या नेमकी उलट असते. तेथे प्रत्येक बाब ठरवावी लागते. आणि ती ठरविताना शेजारीण एक सांगते, पूजासाहित्याचा दुकानदार दुसरे सांगतो, भिक्षुक तिसरेच सांगतात, व यजमान बिचारे या तिन्ही फर्मानांची तामिली एकाच वेळी करू जातात. वस्तुतः या व्रतात शास्त्राची आज्ञा थोडी आहे, कुळाचाराचा भाग त्याहून पुष्कळ मोठा आहे, आणि बाजाराने घातलेल्या भरीला तर सीमाच नाही. परंतु कुळाचार हा ज्या कुळाचा असतो त्याच कुळाला लागू असतो, ही साधी गोष्ट घाईगर्दीत कोणाच्या ध्यानी येत नाही. नव्या घराला तो नसतो. त्याला तो आपल्या हाताने घालून द्यावयाचा असतो, आणि तो बेताने घालावा हे बरे. कारण पहिल्या वर्षी हौसेने केलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी शिरस्ता होते, आणि तिसऱ्या वर्षी ती मोडण्याची कोणाची छाती होत नाही.

माझा एक भाचा पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. त्याच्या घराण्याचा गणपती राजापूर तालुक्यातील मूळ घरी, थोरल्या काकांकडे बसतो, आणि चतुर्थीला तेथे जाण्याचा त्याचा परिपाठ होता. पण घरात लहान मुलगी, आई—म्हणजे माझी थोरली बहीण—गुडघ्यांनी जायबंदी, आणि भाद्रपदातील कोकणचा प्रवास, या तिहींचा मेळ बसेना, तेव्हा त्याने पुण्यातच गणपती बसविण्याचा विचार केला. पहिली शंका अर्थातच ही की, घराण्याचा गणपती एके ठिकाणी बसत असता दुसरा बसवावा काय. याचे उत्तर जुने आहे: चूल एक असेल तर गणपती एक, चुली वेगळ्या झाल्या, व्यवहार विभक्त झाला, की ज्याने त्याने आपल्या घरी बसवावा. तरीही थोरल्यांची अनुमती घेणे हा सभ्यतेचा भाग, म्हणून भाच्याने काकांना फोन केला. काका म्हणाले, "बसव रे बाबा. इथला आहेच. जमेल तेव्हा ये, नाही जमले तर तिथे हात जोड." झाली मंजुरी.

दुसरी शंका सूनबाईंची. "मामा, एकदा आणला की मग दरवर्षी आणावाच लागतो ना? मध्ये सोहेर-सुतक आले तर?" ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि तिच्यापायी कित्येकांनी मनात असूनही गणपती आणलेला नाही. व्रत वार्षिक आहे, तेव्हा ते दर वर्षी चालावे ही अपेक्षा खरी. पण ऐन चतुर्थीला अशौच असेल तर त्या वर्षापुरता गणपती राहतो, आणि पुढल्या वर्षी नेहमीप्रमाणे बसतो. त्यात कोप नाही.

मग दिवस किती, हा प्रश्न. दीड, पाच, सात, दहा हे सर्व मुक्काम घरोघर चालतात. गौरी असणाऱ्या घरी बहुधा गौरींबरोबर विसर्जन होते. मूळ व्रत चतुर्थीच्या दिवसाचे. पुढचे दिवस हे यजमानांच्या भक्तीने व सवडीने वाढविलेले. गणपती घरात असेतो घराला कुलूप लावीत नाहीत, दोन्ही वेळची आरती व नैवेद्य चुकवीत नाहीत. नवराबायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात ही जबाबदारी कोणावर पडते, ते सांगावयास नको. ती आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर पडते. मी दीड दिवसाचा कौल दिला. ताईला तो आवडला नाही. तिचे म्हणणे पाच. पण त्या वर्षापुरती तिने तक्रार गुंडाळून ठेवली.

मूर्ती श्रावणात सांगून ठेवावी. पेणच्या मूर्ती पुण्याच्या पेठांत येतात, आणि पुण्यातही घडविणारे कारखानदार आहेत. दोन्हीकडे शाडू बहुतेक गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. घरच्या पूजेची मूर्ती वीतभर, फार तर हातभर असावी असे जुने लोक म्हणत, आणि त्यामागचे व्यावहारिक कारण मूर्ती उचलताना कळते. कारण शाडूची मूर्ती आकाराच्या मानाने जड असते, व ती एका माणसाला दोन हातांत पाटासह सुखाने नेता यावी लागते. दुकानात विचारले तर प्रत्येक मूर्ती शाडूचीच असते. म्हणून विचारू नये, पाहावे. मूर्ती हलकी व आतून पोकळ, बुडाशी टिचकी मारल्यास टणक आवाज देणारी, आणि बुडावर ओले बोट घासले असता जशीच्या तशी राहणारी असेल तर ती प्लास्टरची. त्याच ओल्या बोटाला राखाडी चिखल लागला तर शाडू. रंगविलेल्या अंगावर ही परीक्षा होत नाही. बुडाची बाजू बिनरंगाची असते तेथेच ती करावी. भाच्याने पहिली मूर्ती याच कसोटीवर परत ठेवली, आणि दुसरी घेतली तिची सोंड व हाताची बोटे वाळताना चिरली नाहीत ना, हेही उजेडात नेऊन पाहिले. शाडूत केसासारखी चीर असेल तर ती घरी येईतो फाकते.

मूर्ती आदल्या दिवशी, हरितालिकेच्या संध्याकाळी आणावी, किंवा चतुर्थीच्या सकाळी. आणणाऱ्याने डोक्यावर टोपी घालावी, सोबत पाट न्यावा, पाटावर अक्षता पसराव्यात, त्यावर मूर्ती ठेवून वरून स्वच्छ रेशमी वा सुती रुमाल घालावा, आणि मूर्तीचे मुख आणणाऱ्याकडे असावे. मूर्ती उचलताना हात नेहमी बुडाखाली. खांद्याला किंवा प्रभावळीला धरून उचललेली मूर्ती वाटेतच भंगते. प्राणप्रतिष्ठेपूर्वी अशी इजा झाली तर मूर्ती बदलावी, हळहळत बसू नये. तोवर ती मातीच आहे. दारात आल्यावर आणणाऱ्याच्या पायांवर दूध-पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मूर्तीवरील रुमाल दूर करून कुंकू लावतात व औक्षण करतात, आणि मग उंबरठ्याच्या आत घेतात. या साऱ्याला पाच मिनिटे पुरतात. ती घाईने घालवू नयेत, एवढेच.

आता ज्या पायरीकडे नवी घरे सर्वांत कमी लक्ष देतात ती सांगतो. ती म्हणजे जागा. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवावयाची नसते. तेव्हा जागेतील जी खोट आदल्या रात्री दुरुस्त होईल ती दुसऱ्या दिवशी दुपारी होणार नाही. भाच्याने दिवाणखान्यातील एका टेबलावर मखर मांडले होते, आणि ते दिसावयास सुंदर होते; पण पूजा सांगणाऱ्याने व करणाऱ्याने बसावे कोठे, याचा विचार त्यात नव्हता. मी त्याला समोर पाटावर बसविले आणि म्हटले, "आता मूर्तीच्या कपाळाला गंध लाव." हात पोचेना. मग टेबल काढून बुटका चौरंग आणला. मूर्तीचे मुख पश्चिमेस केले, म्हणजे पूजा करणाऱ्याचे पूर्वेस आले; उजव्या हाताशी ताम्हन, पळी-पंचपात्र, फुले; डाव्या हाताशी पाण्याचा कलश व घंटा; समई मखराच्या कापडापासून चांगली हातभर दूर; आणि छताचा पंखा बंद केल्यावर खोलीत गुदमरू नये म्हणून मागची खिडकी उघडी. पंख्याखाली निरांजन टिकत नाही, आणि टिकले तर ज्योत कागदी फुलांकडे झुकते. मखर कागदाचे व बांबूच्या कामट्यांचे होते. थर्माकोलला महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. ती नसती तरी जिथे तीनतीन ज्योती जळतात तिथे तो पदार्थ ठेवू नये. कोकणात व गोव्यात मूर्तीच्या वर रानफळांची आणि पानांची माटवी टांगतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. भाच्याने मूळ घरची आठवण म्हणून चार कवंडळे व एक आंब्याचा टाळा वर बांधला.

पूजेची वेळ मध्याह्नाची. दिवसाचे पाच भाग केले तर तिसरा भाग तो मध्याह्न, म्हणजे या दिवसांत साधारण अकरा ते दीड. पण एकाच दिवशी सगळ्या शहराला भिक्षुक हवे असतात, ते पहाटेपासून एकेका घरी तासाभराच्या बोलीने फिरत असतात, म्हणून सकाळची पूजाही सर्रास चालते व तिला शिष्टसंमती आहे. भाच्याला गुरुजी मिळाले नाहीत. मी सोबत बसलो, आणि त्याने पोथी समोर ठेवून स्वतः पूजा केली. ज्याला पुराणोक्त श्लोक वाचता येत नाहीत त्याने प्रत्येक उपचाराला गणपतीचे नाव घेऊन नमस्कार म्हणावा. नाममंत्राने केलेली पूजा शास्त्राला मान्य आहे, आणि अडखळत वाचलेल्या श्लोकापेक्षा ती कानाला सुखाची.

आचमन, संकल्प, कलश-शंख-घंटा-दीप यांची पूजा, आणि मग प्राणप्रतिष्ठा. पूजा करणाऱ्याने मूर्तीच्या हृदयाला उजव्या हाताने स्पर्श करून मंत्र म्हणावयाचा, पंधरा संस्कारांच्या सिद्धीसाठी पंधरा वेळा ओंकार उच्चारावयाचा, आणि दूर्वेच्या टोकाने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावावयाचे. इतका वेळ खोलीत मुलीची बडबड चालली होती. बापाने दूर्वा डोळ्याशी नेताच ती आपोआप थांबली, हे मी पाहिले. तिला कोणी गप्प बस म्हटले नव्हते.

पुढे आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत सोळा उपचार. त्यांतील सहाव्याशीच नवखा अडतो, कारण पोथी स्नान घालावयास सांगते, आणि समोरची मूर्ती पाण्याने विरघळणारी. पंचामृत मूर्तीवर ओतू नये, हे सांगण्याची पाळी येते म्हणून सांगतो. एका घरी सोंडेचा रंग ओघळून पोटावर आलेला मी पाहिला आहे. ताम्हनात सुपारी किंवा देव्हाऱ्यातील धातूचा गणपती घ्यावा, दूध, दही, तूप, मध, साखर यांचे स्नान त्याला घालावे, आणि मृण्मय मूर्तीवर दूर्वेने किंवा फुलाने नुसते प्रोक्षण करावे. मग कापसाची वस्त्रे, जानवे, गंध, तांबडी फुले. दूर्वांची जुडी एकवीस दूर्वांची, कोवळी, प्रत्येक दूर्वेला तीन किंवा पाच पाती. पत्रीही एकवीस प्रकारची सांगितली आहे, बेल, आघाडा, शमी, मारवा, रुई, डाळिंब, जाई अशी. तीत तुळसही आहे, जी एरवी गणपतीला वाहत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या पत्रीच्या पुडीत पुष्कळदा कुठल्याही झुडपाची पाने असतात. सूनबाईंनी सोसायटीच्या आवारातून आणि मंडईतून ओळखीची तेवढी नऊ-दहा पाने आणली. उरलेल्या नावांसाठी अक्षता वाहिल्या. हे चालते.

नैवेद्याचे वेळापत्रक पूजेच्या आधी ठरवावे लागते, मागून नाही. एकवीस उकडीच्या मोदकांना दोन वाट्या तांदळाची पिठी, तितकेच पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप. सारणाला दोन वाट्या खोबरे आणि एक वाटी गूळ. सारण आदल्या रात्री करून ठेवता येते, उकड मात्र गरम असताना मळावी लागते, थंड झाली की पाऱ्या चिरतात. पूजा साडेदहाला सुरू झाली, तेव्हा ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कळ्या पाडत होती. दुर्वार्चनाच्या सुमारास मोदकपात्र चढले, दहा-बारा मिनिटांत उतरले, आणि नैवेद्याची वेळ आली तेव्हा ताट तयार होते. देवापुढे पाण्याने चौकोनी मंडल काढून त्यावर ताट ठेवले, भोवती पाणी फिरविले. नैवेद्य आधी व महाआरती नंतर, हा क्रम ध्यानात ठेवावा.

आरतीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण पूजा एकदा होते आणि आरती रोज दोनदा होते. नव्या घराची खरी वहिवाट आरतीतच पडते. वेळ आधी नेमावी. भाच्याकडे सकाळी आठ व संध्याकाळी साडेसात ठरली. साडेसात यासाठी की, वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडी सातला आरती असते, ती मंडळी मग खाली येऊ शकतात. तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, फूल, आणि कापूर वेगळ्या पळीत. निरांजनात फुलवात उभी, तूप काठापर्यंत. पाच आरत्या, घालीन लोटांगण व मंत्रपुष्पांजली यांना वीसएक मिनिटे लागतात, आणि अर्धवट तुपात वात मधेच काजळते. ओवाळणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. चरणांशी चार वेळा, नाभीशी दोनदा, मुखाशी एकदा, सर्वांगाभोवती सात वेळा, असे जुन्या पद्धतीत सांगतात. एवढे मोजीत बसण्यापेक्षा तबक मखरापासून वीतभर दूर फिरते आहे की नाही, ते पाहिलेले अधिक बरे.

क्रम गणपतीपासून. समर्थ रामदासांची गणपतीची, मग शंकराची, देवीची, मग नामदेवांची विठ्ठलाची, एकनाथांची दत्ताची. इतक्या आरत्या बहुतेक मराठी माणसांच्या ओठांवर असतात. लहान मूल व वृद्ध माणूस असलेल्या घरी संध्याकाळी पाच व सकाळी दोनच म्हणाव्यात. चुकते ते गतीत. पहिली आरती टाळ्यांच्या जोमात इतकी चढते की चौथीला श्वास पुरत नाही, आणि घरातील पोक्त आवाज मागे पडून फक्त मुलांचा कल्लोळ उरतो. तेव्हा सुरुवात ज्याचा आवाज सर्वांत संथ त्याने करावी. भाच्याकडे ती ताईने केली. घंटा लहान मुलीकडे दिली होती, पण तालाशी तिचे काही देणेघेणे नव्हते, म्हणून दुसऱ्या आरतीनंतर युक्तीने तिच्या हातात फुलांची परडी दिली गेली. कडव्यांचे पाठ वर्षानुवर्षे ऐकून बिघडलेले असतात. पहिल्या वर्षी छापील पुस्तक समोर ठेवून म्हणावे, मुलांच्या तोंडी शुद्ध अक्षरे बसतात.

घालीन लोटांगण म्हणताना स्वतःभोवती प्रदक्षिणा, मग सर्वांच्या हातांत फुले व अक्षता वाटून मंत्रपुष्पांजली. तिचे वैदिक मंत्र आरतीच्या ठेक्यावर म्हणण्याचे नाहीत, टाळ्या थांबवून म्हणावेत. संपल्यावर फुले दुरून उधळू नयेत; ती निरांजनावर पडतात, समईची वात विझवितात, आणि हौशी पाहुण्याचा नेम चुकला तर मूर्तीच्या नाजूक बोटांवर बसतात. सर्वांची फुले परडीत गोळा करून एकाने पायांशी वाहावीत. मग आरतीचे तबक सर्वांपुढे फिरवावे, तीर्थ-प्रसाद द्यावा.

दुसऱ्या सकाळचा दिनक्रम थोडका आहे. मूर्ती न हलविता निर्माल्य काढून वेगळ्या टोपलीत ठेवावे, चौरंगाभोवती झाडून रांगोळी पुसून नवी काढावी, मूर्तीला गंध, नवी फुले, नवी दूर्वांची जुडी, दूध-साखर किंवा जे रांधले असेल त्याचा नैवेद्य, आणि आरती. पाच वा दहा दिवस गणपती असेल त्या घरी हाच क्रम तितके दिवस. जुन्या निर्माल्याला पावसाळी हवेत दुसऱ्याच दिवशी वास येतो, तेव्हा ते पिशवीत बंद करून ठेवू नये.

दीड दिवस म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उत्तरपूजा. गंध, फुले, दूर्वा, दहीपोह्यांचा नैवेद्य, शेवटची आरती. मग मूर्तीवर अक्षता वाहून पुनरागमनाची प्रार्थना करावी, आणि मूर्ती जागेवरच किंचित हलवावी. ती हलली की विसर्जनाला नेण्यास मोकळीक. हातावर दही घालतात, शिदोरी सोबत देतात. नदीवरची गर्दी टाळून भाच्याने गच्चीवर मोठ्या बादलीत विसर्जन केले. वीतभर शाडूची मूर्ती पाण्यात आपली आपण विरते, पण तासाभरात नाही, रात्र जाते. काठीने ढवळून ती मोडू नये. सकाळी गाळ तळाशी बसलेला, वर रंगीत पाणी. ते पाणी झाडांना घातले तरी चालते, पण गाळ सगळा एका कुंडीत ओतल्यास वाळून त्याची कठीण खपली बनते व झाडाचा श्वास कोंडतो. भाच्याने मूठभर माती पाटावर परत ठेवण्यासाठी घेतली व उरलेला गाळ कापडात निथळून मूर्तिकाराकडे दिला. त्याने तो पुढील वर्षाच्या मातीत मिसळण्यास घेतला.

सूनबाईंनी सामानाची याद, मोदकांचे माप, आरत्यांचा क्रम एका वहीत उतरवून ठेवला आहे. तीत दिवसांच्या रकान्यात ताईने पेन्सिलीने 'पाच' लिहिले, भाच्याने खोडून 'दीड' केले, आणि प्रकरण माझ्याकडे अपिलात आले. मी निकाल दिला: दीड कायम, ताईचे गुडघे बरे झाले तर फेरविचार.